आंबिलीच्या बाटलीवर किती रुपये छापायचे?

"पाच रुपयाला दिलीस, तर मी म्हणेन कालची आहे."

सकाळी सातच्या सुमारास बागेच्या फाटकाशी एका आजींनी दिलेलं हे उत्तर माझ्या वहीत अजून तसंच आहे. बाजार सर्वेक्षणाच्या कामातली माझी ती सुरुवातीची वर्षं. नव्या पेयाची किंमत ठरवण्यासाठी चार प्रश्न विचारायचे होते आणि त्यातला एक विचारताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. किती रुपयांना मिळाली तर इतकी स्वस्त वाटेल की तुम्ही घेणारच नाही? स्वस्त आहे म्हणून कोण कशाला नाकारेल, असं मला वाटायचं. आजींनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं आणि त्या चालू लागल्या. पिण्याची वस्तू आहे, पोटात जाणार आहे, आणि पाच रुपयांत बाटली, झाकण, वाहतूक सगळं बसवलंय म्हणजे आतलं काहीतरी शिळं किंवा पाणचट असणार. इतका सगळा हिशेब त्या एका वाक्यात होता.

किमतीला वरची मर्यादा असते हे कुणालाही सांगावं लागत नाही. खालचीही मर्यादा असते आणि ती गिऱ्हाइकाला विचारून काढता येते, हे मात्र माल बनवणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ जाँ स्टोट्झेल यांनी १९५०च्या दशकातच ही दुहेरी मर्यादा मांडली होती. पुढे १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात आंद्रे गॅबर आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी किंमत हीच गिऱ्हाइकाला दर्जाची खूण कशी वाटते यावर काम केलं. याच ग्रेंजर यांना २००३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अर्थात वेगळ्या कामासाठी. आणि १९७६ साली पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने या सगळ्याला चार प्रश्नांचं सुटसुटीत रूप दिलं. जगभरचे सर्वेक्षणवाले आजही हे चार प्रश्न त्याच्याच नावाने ओळखतात. ते वापरायला सोपे आहेत, आणि सोपे असल्यामुळे चुकीचेही फार वापरले जातात.

चार प्रश्न कसे चालतात हे एका उदाहरणावरून बघू. समजा, एक महिला बचतगट नाचणीची आंबील बाटलीत भरून विकणार आहे. ताक घालून आंबवलेली, जिरं-लसणाची, थंड करून दिलेली, २०० मिलीची बाटली. घरोघरी होणारी ही वस्तू, पण बंद बाटलीत दुकानात मिळत नाही, त्यामुळे तिचा रूढ असा बाजारभाव नाही. गटाच्या बायकांपैकी एकीला वाटतं, १० रुपये ठेवू, हातोहात खपेल. दुसरीला वाटतं, जिमबाहेर ५० रुपयेही मिळतील. उदाहरणातले आकडे मी समजावण्यासाठीच घेतले आहेत आणि हाताने मोजता यावेत म्हणून माणसंही वीसच घेतली आहेत. खऱ्या कामात निदान शंभर-दोनशे लोक तरी लागतात.

प्रत्येकाला आधी बाटली दाखवायची, थोडी चव द्यायची आणि मग विचारायचं. किती रुपयांना असेल तर ती इतकी महाग वाटेल की तुम्ही विचारच करणार नाही? किती रुपयांना इतकी स्वस्त वाटेल की दर्जाबद्दल शंका येऊन घेणार नाही? कितीला महाग वाटायला लागेल, पण तरी घ्यावी का असा विचार कराल? आणि कितीला मिळाली तर स्वस्तात चांगली वस्तू मिळाली, पैसे वसूल झाले असं वाटेल? एका माणसाकडून चार आकडे मिळतात. आपण त्याला कुठलाही आकडा सुचवत नाही, हे या पद्धतीचं बळ. "३० रुपयांना घ्याल का?" असं विचारलं की ३० हा आकडा आपण त्याच्या डोक्यात घालतो आणि पुढची सगळी उत्तरं त्या तीसभोवती फिरतात.

प्रश्नांची भाषा मात्र फार जपावी लागते. शंकेचा प्रश्न नुसता "किती रुपयांना फारच स्वस्त वाटेल?" असा विचारला, तर आपल्याकडे हमखास उत्तर येतं, "स्वस्त असेल तर चांगलंच की!" किंवा "फुकट द्या, फुकटच घेतो." माणूस चूक बोलत नसतो, प्रश्नच अर्धा असतो. "दर्जाबद्दल शंका येऊन घेणार नाही" हे शेपूट जोडल्याशिवाय हा प्रश्न मराठीत उभाच राहत नाही. मी तर पुढे पुढे सरळ असं विचारायचे, "काकू, कितीला मिळाली तर तुमच्या मनात येईल की यात काहीतरी गडबड आहे?" त्यावर लोक अडखळत नाहीत. तीच गोष्ट "महाग" शब्दाची. आपण भाजी घेतानाही "महाग आहे हो" म्हणतो आणि घेतोही. म्हणून "महाग, पण घ्यायचा विचार कराल" आणि "इतकी महाग की नकोच" यांतला फरक वाचून दाखवताना आवाजातही यायला हवा.

उत्तरं आली की आधी एक चाळणी लावायची. प्रत्येकाचे चार आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत. शंकेची किंमत सर्वांत खाली, मग स्वस्त, मग महाग, मग अति महाग. एखाद्याने "२५ला महाग वाटेल" म्हटलं आणि "३०ला स्वस्त वाटेल" असंही म्हटलं, तर त्याला प्रश्न कळलेला नाही किंवा तो घाईत आहे. असा अर्ज बाजूला ठेवायचा. थोडे अर्ज असे निघणारच. पण ढीगभर निघाले तर ते फेकून उरलेल्यांवर हिशेब मांडू नये. एकाच मुलाने आणलेल्या अर्जांत गोंधळ असेल तर त्याने प्रश्न नीट वाचलेले नाहीत. सगळ्यांच्याच अर्जांत असेल तर प्रश्नपत्रिका पुन्हा लिहावी लागते.

आता मोजणी. आपल्या वीसही जणांचे आकडे क्रमात आहेत असं धरू. शंकेची किंमत तिघांनी ५ रुपये सांगितली, सात जणांनी १०, सहा जणांनी १५, तिघांनी २० आणि एकाने २५. ज्याला २० रुपयांना शंका येते त्याला १५लाही येणारच, म्हणून वरून खाली बेरीज करत यायचं. १५ रुपयांना शंका घेणारे झाले दहा जण, २० रुपयांना चार, २५ला एकच.

"स्वस्तात मिळाली" यासाठी चौघांनी १५ सांगितले, आठ जणांनी २०, पाच जणांनी २५ आणि तिघांनी ३०. याचं उलटं वाचायचं, म्हणजे एखाद्या किमतीला "आता ही काही स्वस्त राहिली नाही" असं किती जणांना वाटतं ते बघायचं. १५ रुपयांना असं कुणालाच वाटत नाही. २० रुपयांना चौघांना वाटतं, कारण त्यांची स्वस्ताई १५वरच संपली होती.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. २० रुपयांना शंका घेणारे चार आणि "स्वस्त राहिली नाही" म्हणणारेही चार. इथे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि हीच खालची हद्द. २० रुपयांच्या खाली उतरलं की काय होतं बघा. १५ला "स्वस्त नाही" म्हणणारा एकही माणूस उरलेला नाही, म्हणजे आणखी स्वस्त करून नव्याने खूश करायला कुणी शिल्लकच नाही. उलट शंका घेणारे चाराचे दहा झाले, निम्मी माणसं पाठ फिरवून गेली. १० रुपयांना हातोहात खपेल असं म्हणणाऱ्या बाईंचा अंदाज इथे कोसळतो. त्या किमतीला वीसपैकी सतरा जणांना वाटतंय की बाटलीत काहीतरी गडबड आहे.

वरची हद्द अशीच निघते. "महाग, पण विचार करीन" यासाठी तिघांनी २५ रुपये सांगितले, आठ जणांनी ३०, चौघांनी ३५ आणि पाच जणांनी ४०. "नकोच" यासाठी दोघांनी ३०, तिघांनी ३५, सहा जणांनी ४०, सात जणांनी ५० आणि दोघांनी ६०. आता खालून वर बेरीज. ३५ रुपयांना "नकोच" म्हणणारे पाच होतात, आणि "अजून महाग वाटत नाही" म्हणणारेही पाचच उरतात. ४० रुपयांना "नकोच" म्हणणारे अकरा होतात आणि महाग न वाटणारा एकही राहत नाही. म्हणजे वरची हद्द ३५. या वीस माणसांपुरती आंबिलीच्या बाटलीची चालण्यासारखी किंमत २० ते ३५ रुपये.

आलेखावर एकूण चार छेद मिळतात, त्यातले दोन आपण पाहिले. उरलेल्या दोन छेदांविषयी थोडक्यात सांगते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. "शंका येते" आणि "नकोच" या रेषा जिथे छेदतात तिथे साफ नकार देणारे सगळ्यांत कमी असतात. आपल्या उदाहरणात ती जागा २७ रुपयांच्या आसपास येते. या छेदाला "सर्वोत्तम किंमत" असं नाव पडलं आहे आणि या नावाने बरंच नुकसान केलंय. त्या हिशेबात बाटली बनवायला किती खर्च आला याचा पत्ताच नाही, मग ती किंमत उत्पादकासाठी सर्वोत्तम कशी असेल? कमीत कमी माणसं तोंड फिरवतील अशी ती जागा आहे, इतकंच. "स्वस्त" आणि "महाग" यांच्या रेषाही आपल्याकडे २७च्याच जवळ छेदतात. ती जागा लोकांच्या मनातल्या नेहमीच्या भावाची असते. एरवी हे दोन आकडे सारखे येतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट, २७ रुपये ही किंमत दुकानात चालत नाही. सुट्ट्यांची कटकट कुणालाच नको. लोक उत्तरंही १०, २०, २५, ३०, ५० अशीच देतात, मधले आकडे क्वचित येतात. त्यामुळे खऱ्या सर्वेक्षणातल्या रेषा पुस्तकातल्यासारख्या गुळगुळीत वळणांच्या नसून जिन्यासारख्या येतात. एका पायरीवर एकदम आठ-दहा माणसं आणि पुढची पायरी रिकामी. अशा जिन्यावरून "२६ रुपये ७० पैसे" असा नेमका छेद काढून अहवालात छापणं मला पटत नाही. मूळ उत्तरांत तेवढा नेमकेपणा नसतोच.

आता या उदाहरणातली खरी गंमत. माझ्या कामात एक पाचवा प्रश्न मी नेहमी जोडते, "किंमत सांगताना तुमच्या डोळ्यांसमोर दुसरी कुठली वस्तू होती?" नव्या वस्तूचा भाव कुणाच्याच मनात नसतो, म्हणून माणूस ओळखीच्या वस्तूचा भाव उसना घेतो. समजा, आपल्या वीसपैकी पंधरा जण म्हणाले, "ताक". पाच जण, तेही सगळे जिममधून बाहेर पडणारे, म्हणाले, "प्रोटीनचं पेय". आणि "महाग" म्हणजे ४० रुपये असं सांगणारे पाच जण हेच निघाले.

मग दोघांचा हिशेब वेगळा मांडून बघू. ताकाशी तुलना करणाऱ्यांची हद्द साधारण १८ ते ३१ रुपये येते. जिमवाल्यांची साधारण २७ ते ४०. जिमवाल्या पाचांपैकी चौघांना २० रुपयांनाच शंका येते. ताकवाल्या पंधरांपैकी त्या किमतीला शंका घेणारा एकही नाही. दोघांना एकत्र कोंबून काढलेली २० ते ३५ ही हद्द या दोन्ही गटांपैकी एकाचीही नाही. ती सरासरीच्या माणसाची आहे आणि तो माणूस बागेतही फिरत नाही, जिममध्येही जात नाही. पाच माणसांच्या गटावरून कुणी निर्णय घेऊ नये, पण शंभर-दोनशे लोकांतही अशी फूट पडलेली मी कितीदा पाहिली आहे. दोन्ही हद्दी कुठेच एकमेकींवर आल्या नाहीत तर किंमत शोधणं थांबवावं आणि आपली बाटली नक्की कुणासाठी आहे ते आधी ठरवावं. इथे नशिबाने २७ ते ३१ एवढी पट्टी दोघांत सामाईक आहे आणि त्या पट्टीत ३० रुपये ही दुकानात चालणारी किंमत बसते.

याच कारणासाठी वस्तूचं वर्णन कसं करायचं यावर घाम गाळावा लागतो. त्याच बाटलीला "नाचणीची आंबील" म्हटलं की लोक ताकाचा भाव आठवतात आणि "हेल्थ ड्रिंक" म्हटलं की औषधाच्या दुकानातल्या डब्यांचा. शब्द बदलला की चारही आकडे वर सरकतात. सर्वेक्षण करून घेणाऱ्याला ते हवंहवंसं वाटतं, पण वेष्टनावर जे छापता येणार नाही ते प्रश्नात वापरू नये. २०२४च्या एप्रिलमध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की दुधावर, धान्यावर किंवा माल्टवर आधारलेली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदराखाली दाखवू नका, कारण अन्न सुरक्षेच्या कायद्यात अशी संज्ञाच नाही. तेव्हा सर्वेक्षणात हा शब्द वापरून मिळवलेले ४० रुपये दुकानात त्या शब्दाशिवाय मिळणार नाहीत. बाटलीवर जे असेल, तेच आणि तेवढंच माणसापुढे ठेवायचं. २०० मिली असेल तर २०० मिली हा आकडा सांगायचा आणि बाटली हातात द्यायची, नाहीतर कुणी कपभर धरतो, कुणी अर्धा लिटर. आणि आंबील थंड विकणार असू तर थंडच द्यायची. माझ्या एका कामात बर्फाची पेटी वेळेवर आली नाही आणि पहिल्या तासात लोकांनी कोमट पेय चाखून भाव सांगितले. ते सगळे अर्ज आम्ही रद्द केले.

आता पैशांकडे येऊ. हद्द कळली, २५ आणि ३० या दोन किमती समोर आहेत. २५ला "महाग" म्हणणारे वीसपैकी तीनच आहेत आणि ३०ला अकरा होतात. हे बघून कुणीही २५वर शिक्का मारेल. पण समजा, बाटली भरून, थंड ठेवून दुकानापर्यंत पोचवायला गटाला १३ रुपये लागतात. छापील किमतीतून कर आणि दुकानदाराचा वाटा वजा जाता २५ रुपयांच्या बाटलीमागे गटाच्या हातात १६ रुपये पडतात आणि ३०च्या बाटलीमागे १९. म्हणजे सुटतात किती? एका किमतीला ३ रुपये, दुसरीला ६. ३० रुपयांना निम्म्याच बाटल्या खपल्या तरी गटाची कमाई तेवढीच होते. छापील किमतीतला पाच रुपयांचा फरक गटाच्या कमाईत दुप्पट होऊन उतरतो.

मग ३० रुपयांना खप निम्म्याहून खाली येईल का? हे चार प्रश्न त्याचं उत्तर देत नाहीत, आणि इथे फार जण फसतात. "महाग, पण विचार करीन" म्हणणारे ते अकरा जण खरंच घेतील की विचार करून पुढे जातील, हे चार आकड्यांत कुठेच नाही. किती माणसांना किंमत पटते हे आपण मोजलं, किती बाटल्या खपतील हे मोजलं नाही. १९९३ साली न्यूटन, मिलर आणि स्मिथ या तिघांनी या उणिवेवर एक उपाय सुचवला. प्रत्येकाला त्यानेच सांगितलेल्या "स्वस्त" आणि "महाग" या दोन किमती परत वाचून दाखवायच्या आणि विचारायचं, या किमतीला घेण्याची शक्यता किती? "नक्की घेईन"पासून "अजिबात नाही"पर्यंतच्या पायऱ्या द्यायच्या. "नकोच" आणि "शंका" या दोन टोकांना शक्यता शून्य धरायची. त्यावरून प्रत्येक किमतीला अंदाजे किती लोक घेतील याचं एक वळण मिळतं आणि त्याला मघाच्या ३ आणि ६ रुपयांनी गुणता येतं. दोन जास्तीचे प्रश्न आहेत, पण मी ते कधीच वगळत नाही.

तरीही "नक्की घेईन" म्हणणारा प्रत्येक जण घेत नसतो. प्रश्न विचारणारी मुलगी समोर उभी आहे, तिने नुकतीच फुकट आंबील पाजली आहे, तोंडावर नाही कसं म्हणायचं? भिडेखातर शक्यता फुगते. दुसरीकडे भाव करण्याची सवय किंमत खाली ओढते. मंडईत पहिला आकडा कमीच सांगायचा हे आपल्या हाडीमाशी खिळलंय, त्यामुळे काही जण जणू उद्या त्याच भावाने घ्यायची आहे अशा तयारीने "महाग" म्हणजे १५ असं सांगून टाकतात. म्हणून सुरुवातीलाच सांगावं लागतं की इथे विक्री नाही, घासाघीस नाही, बाटलीवर छापील किंमत येणार आहे. मी हे वाक्य अर्जाच्या माथ्यावर लिहून घेत असे, म्हणजे कुठलाही मुलगा ते विसरणार नाही.

आणि फळीवर शेजारी काय आहे हेही या प्रश्नांना दिसत नाही. बागेच्या फाटकाशी आंबील एकटीच असते. दुकानाच्या फ्रीजमध्ये तिच्या डाव्या हाताला मसाला ताक असतं आणि उजव्या हाताला लस्सी, तीही तिच्याहून स्वस्त. तिथे ३० रुपयांचे तीस ताकाशेजारी जास्त दिसतात. ज्या वस्तूचे दहा पर्याय बाजारात आहेत आणि ज्यांचे भाव लोकांना पाठ आहेत, तिच्यासाठी हे चार प्रश्न मी वापरणारच नाही. तिथे सगळे पर्याय किमतींसकट समोर मांडून "यातलं कुठलं घ्याल?" हेच विचारावं. आंबिलीसारख्या भाव न ठरलेल्या वस्तूला मात्र हे प्रश्न फार उपयोगी पडतात, कारण तिथे आधी कुंपण कुठे घालायचं हेच माहीत नसतं.

म्हणून बचतगटाला मी सांगेन की सर्वेक्षणावरून फक्त १० आणि ५० हे दोन आकडे खोडा आणि २५ व ३० हे दोन हातात ठेवा. मग एकसारखी गिऱ्हाइकं असलेली, पण एकमेकांपासून लांबची दोन दुकानं निवडा. एकात २५ची बाटली, दुसऱ्यात ३०ची. वेष्टन तेच, फ्रीजमधली जागा तीच. दोन आठवड्यांनी किमती अदलाबदल करा, म्हणजे एखादं दुकानच जास्त चालणारं असेल तर ते उघडं पडेल. रोज संध्याकाळी गेलेल्या बाटल्या मोजा आणि ३०च्या बाटल्या २५च्या निम्म्याहून जास्त जातात का एवढंच बघा. पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर फार विसंबू नका. नवी वस्तू म्हणून एकदा चाखून बघणारे त्यात खूप असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुकानदाराला विचारा, परत कोण येतंय, ताक नेणारे की जिमवाले. तो वही न बघता सांगेल.